सिगारेट सुटली, झोप गेली

बायकोच्या डोकेदुखीसाठी आम्ही डॉक्टरांकडे गेलो होतो, आणि रोगी होऊन परतलो तो मी.

तंजावुरात आमच्या घरापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर एक वयस्कर डॉक्टर बसतात. बायकोचं डोकं महिनाभर सकाळी उठल्यापासून ठणकत होतं. त्यांनी रक्तदाब तपासला, पुन्हा तपासला आणि विचारलं, "झोप कशी आहे, अम्मा?"

ती म्हणाली, "हे झोपतील तशी."

डॉक्टरांना वाटलं ती थट्टा करते आहे. पण तिचा चेहरा थट्टेचा नव्हता. मग तिने सगळं सांगितलं. मी रात्री सगळ्यात शेवटी गच्चीवर जाऊन एक सिगारेट ओढतो, तेव्हा जिन्याचं दार वाजतं. मग मी येऊन पडतो आणि बराच वेळ कूस बदलत राहतो. डोळा लागला तरी पहाटेच्या आधी मला जाग येते, मी पुन्हा गच्चीवर जातो, पुन्हा दार वाजतं. ती म्हणाली, "तिसऱ्या पाळीची नोकरी आहे यांची. पगार मात्र नाही."

डॉक्टर माझ्याकडे वळले. मी समोरच्या खुर्चीत बायकोची जुनी कागदपत्रं मांडीवर घेऊन बसलो होतो. त्यांना माझ्या शर्टाचा वास तेवढ्यातच आला असावा. ते म्हणाले, "सार, पहाटे तुम्हाला लघवीला जाग येते की सिगारेटला?"

मी शाळेत गणित शिकवतो. प्रश्न नीट मांडला की अर्धं उत्तर त्यातच असतं, असं मुलांना नेहमी सांगत असतो. तरी हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. कॉलेजात असल्यापासून मी ओढत आलो होतो आणि झोपही तेव्हापासून तशीच होती. मला वाटे, माझा स्वभावच जागा आहे. उलट, रात्रीची ती शेवटची सिगारेट म्हणजे माझं झोपेचं औषध, अशी माझी पक्की समजूत होती.

बायकोला त्यांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली आणि मला चिठ्ठी. चिठ्ठी सरकारी इस्पितळातल्या तंबाखू सोडवण्याच्या विभागाची होती.

तिथल्या डॉक्टरीण बाई माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. बाहेर बाकावर विडी ओढणारे शेतमजूर, तंबाखू चघळणाऱ्या दोन बायका, एक बसचालक आणि मी. आत गेल्यावर त्यांनी किती ओढता, उठल्यावर पहिली केव्हा, हे विचारून घेतलं. मी म्हटलं, "पहिली कॉफीच्या आधी." त्यांनी मान हलवली, जणू एवढं कळलं की पुरे.

मी त्यांना विचारलं, "मग झोपताना ओढली की बरं का वाटतं?"

त्या तमिळमध्ये, अगदी सावकाश, समजावत होत्या. म्हणाल्या, "निकोटिन हे जागं करणारं द्रव्य आहे, सार. मेंदूला ते चहा-कॉफीसारखंच हलवतं. नाडी वाढवतं. झोप यायला उशीर करतं, आणि आली तरी ती वरवरची राहते, खोल जात नाही. पण शेवटची ओढून तासभर झाला की शरीर पुढची मागायला लागतं. त्या मागण्याची बेचैनी असते. तुम्ही ओढता, बेचैनी थांबते, आणि तुम्हाला वाटतं शांत झालो. म्हणजे काटा त्यानेच टोचला आणि त्यानेच काढला."

"आणि पहाटेची जाग?"

"रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. पुढच्या दोन तासांत त्याच्या निम्मं. तुम्ही गणिताचे ना? करा हिशेब. पहाटेपर्यंत काय उरतं? मेंदू उपाशी होतो आणि तुम्हाला उठवतो."

हिशेब सोपा होता. इतकी वर्षं मुलांना मी तो दुसऱ्या नावाने, भूमितीय श्रेढी म्हणून, शिकवत आलो होतो.

जाताना त्या म्हणाल्या, "एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे नंतर मला दोष देणार नाही. सोडल्यावर पहिल्या आठवड्यात झोप आणखी बिघडेल. त्यानंतर हळूहळू सुधारते. काहींना तीन-चार आठवडे लागतात, काहींना जास्त. त्या दिवसांत लोक परत ओढायला लागतात आणि म्हणतात, सिगारेटशिवाय मला झोपच येत नाही. असं म्हणायची वेळ आली तर आधी माझ्याकडे या."

त्यांनी दंडावर लावायच्या निकोटिनच्या पट्ट्या दिल्या. धुराशिवाय थोडं थोडं निकोटिन त्वचेतून जात राहतं, मग पट्टी लहान करत जायची आणि शेवटी बंद. मी ठरवलं, मार्गळी महिना लागेल त्या दिवसापासून सोडायची. डिसेंबरचा मध्य असतो तो, हवा थोडी गार असते, आणि सहामाही परीक्षा सुरू असल्याने शिकवायचं नसतं. मला वाटलं, सोपा काळ आहे.

मार्गळीत आमच्या गल्लीच्या टोकाच्या देवळात पहाटे अंधारातच कर्ण्यावर भजनं लागतात, हे मी विसरलो होतो. विसरलो म्हणजे, एरवी त्या वेळी मी गच्चीवर सिगारेट ओढत उभाच असे, त्यामुळे भजनांचा मला कधी त्रास झाला नव्हता.

पहिले दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवसापासून झोप अशी गेली की घरात आपण तिला कधी पाहिलं होतं का, अशी शंका यावी. पडलो की पायांना आत कुठेतरी चाळा लागे. उठून पाणी प्यायचो, परत पडायचो. डोळा लागे तोच जाग येई, पुन्हा लागे, पुन्हा जाग. तुकडे तुकडे. आणि अखेर पहाटे जरा खोल उतरतोय म्हणावं, तर देवळाचा कर्णा सुरू.

दिवसा उलट. दिवसा झोप मानगुटीवर बसलेली. डोकं कापूस भरल्यासारखं. शाळेत सहशिक्षकाने पेन मागितलं तर मी त्याच्यावर ओरडलो. तो बिचारा माझा जुना जोडीदार, मधल्या सुटीत आम्ही दोघं शाळेमागच्या पेट्टीकडैवर, म्हणजे पानाच्या टपरीवर, उभं राहून ओढायचो. तो नुसतं म्हणाला, "एक ओढून टाका. माणसात याल."

मी ओढली नाही. त्यात मोठेपणा काही नव्हता, चालत टपरीपर्यंत जायचाही कंटाळा आला होता.

माझी शाळा पापनाशमला. रोज सकाळी तंजावुरहून कुंभकोणमची बस धरायची आणि मध्ये पापनाशमला उतरायचं. त्या सकाळी परीक्षेच्या वर्गावर माझी देखरेख होती. खिडकीशी जागा मिळाली. बाहेर शेतांत भात पोटरीत आलं होतं, कालव्याला पाणी होतं, ऊन कोवळं होतं. अय्यम्पेट्टै गेलेलं मला आठवतं. त्यानंतर कंडक्टर माझा खांदा हलवत होता आणि बस रिकामी होती.

"सार, कुंभकोणम. शेवटचा स्टॉप."

मोबाइलवर मुख्याध्यापकांचे बरेच फोन येऊन गेलेले. मी परत फोन लावला. ते नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या वर्गावर मी स्वतः बसलो आहे. सावकाश या." हा हळू आवाज रागावण्यापेक्षा वाईट असतो, हे त्यांच्याबरोबर काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

कुंभकोणमच्या बसस्टँडवर, फलाटाच्या कडेला एक चहाचं दुकान आहे. खांबाला सुंभाची दोरी टांगलेली, टोकाला निखारा धुमसत असतो, लोक त्यावर सिगारेट पेटवून घेतात. मी तिथे उभा राहिलो. सगळं अंग म्हणत होतं, घे. एवढा अपमान झाला, शाळा बुडाली, बायको वैतागली, आणि कशासाठी? खिशात हात घातला तोच तंजावुरची बस वळून फलाटाला लागली. मला आधीच उशीर झालेला. मी धावत जाऊन चढलो. तेव्हा वाचलो तो बसमुळे. पापनाशम येईपर्यंत मी उभ्यानेच प्रवास केला, बसायची हिंमत झाली नाही.

त्या रात्री बायकोने कोरई गवताची चटई गुंडाळून काखेत घेतली आणि ती समोरच्या खोलीत निघाली.

मी विचारलं, "काय म्हणून?"

"तुम्ही पूर्वी रात्रीतून दोनदा उठत होता. आता दहादा उठता. मला उद्या ऑफिस आहे." ती विमा कंपनीत काम करते. आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. ती इतकी थकली होती की रागवायलाही बळ उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सात वाजेपर्यंत झोपली. लग्नाला तीस वर्षं होत आली, ती सातपर्यंत झोपलेली मी बाळंतपणानंतरही पाहिली नव्हती. उठली तेव्हा चेहऱ्यावर चटईच्या काड्यांचे वळ होते आणि चेहरा मोकळा दिसत होता. मला आनंद व्हायला हवा होता. ज्या कामासाठी सोडली ते होत होतं. पण दारापलीकडे ती गाढ झोपलेली आणि अलीकडे मी छताच्या पंख्याकडे बघत पडलेला, असे दिवस सुरू झाले, तेव्हा मला एकटं वाटू लागलं. कुणासाठी काही सोडावं आणि ते माणूसच दुसऱ्या खोलीत जाऊन सुखी व्हावं, हे पचायला जड होतं. 

दुसऱ्या आठवड्यात थोडी झोप येऊ लागली, आणि झोपेबरोबर स्वप्नं. तशी स्वप्नं मला लहानपणीही पडली नव्हती. रंगीत, लांबलचक, पात्रांसकट. एकदा सगळे विद्यार्थी उत्तरपत्रिकांची सुरळी करून ओढत बसलेले. पण सगळ्यात वाईट ते, ज्यात मी साधेपणाने एक सिगारेट ओढत असे. बाकी काही घडतच नसे. उठलो की घशात चव असे आणि छातीत धडधड, की झालं, सगळं वाया गेलं.

एका पहाटे मी समोरच्या खोलीत जाऊन बायकोला उठवलं. म्हटलं, "माझ्या तोंडाला वास येतो का पाहा."

तिने डोळे न उघडता वास घेतला. "पेस्टचा येतो."

"नक्की?"

"तुम्ही ओढली असती तर मी पेस्ट म्हटलं असतं का? जा, झोपा."

मी हसलो. ती पण डोळे मिटूनच हसली. बऱ्याच दिवसांनी आम्ही एकाच गोष्टीला हसलो होतो.

मुलगी बंगळुरात असते. आम्ही पिढ्यानपिढ्या तंजावुरचे मराठी; तिला आमची मराठी कळते, पण उत्तर तमिळमध्ये देते. आईने तिला फोनवर सगळं सांगितल्यावर ती मला म्हणाली, "अप्पा, तू परत डॉक्टरकडे जा. सहन करण्याची स्पर्धा नाही ही." म्हणून नाताळच्या सुटीत मी पुन्हा त्या इस्पितळात गेलो.

डॉक्टरीण बाईंनी आधी स्वप्नांचं विचारलं. मी सांगितलं तशा त्या खुशच झाल्या. "स्वप्नं पडणारी झोप निकोटिन दाबून ठेवतं. ते कमी झालं की ती झोप जोराने परत येते. शिवाय तुम्ही पट्टी रात्रीही ठेवता. तिनेही स्वप्नं वाढतात, झोप मोडते. आजपासून झोपताना काढून टाका आणि सकाळी उठल्याबरोबर नवी लावा. आणि ओढल्याचं स्वप्न पडणं म्हणजे ओढणं नव्हे. उलट, सोडणाऱ्या पुष्कळांना ते पडतं."

मग त्यांनी विचारलं, "कॉफी किती?"

मी जरा अडखळलो. आमच्या गावात हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. मी म्हटलं, "आधी चार टंबलर. आता सहा, कधी सात. दिवसा डोळे मिटतात ना. आणि सिगारेटच्या वेळेला हातात काहीतरी लागतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. त्या दिवशी बाहेर फार गर्दी होती, राहून गेलं. सार, सिगारेटचा धूर यकृताला कामाला लावतो. ओढणाऱ्याचं यकृत कॉफीतलं कॅफिन भराभर संपवतं. म्हणून ओढणाऱ्यांना जास्त कॉफी लागते आणि ती पचतेही. हे निकोटिनमुळे नाही, धुरामुळे होतं, त्यामुळे पट्टी लावूनही उपयोग नाही. धूर थांबला की थोड्याच दिवसांत यकृताचा तो वेग उतरतो. तीच कॉफी रक्तात कितीतरी जास्त वेळ राहते. तुमचे चार टंबलर आता जवळजवळ आठांसारखे लागतात. आणि तुम्ही सात पिता."

 पायांचा चाळा, छातीतली धडधड, सहशिक्षकावर ओरडणं, सगळं मी सिगारेटच्या खात्यावर मांडत होतो. त्यातला किती भाग दबऱ्यात, टंबलरखालच्या पसरट वाटीत, फेसाळणाऱ्या त्या कॉफीचा होता, देव जाणे.

"बंद करू?"

"तंजावुरात राहून? नको. निम्मी करा. दुपारच्या जेवणानंतर एकही नाही. रोज एकाच वेळी उठा, रात्र कशीही जावो. शाळेतून आल्यावर आडवं व्हायचं नाही. आणि झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे जड झाले की परत जा."

"उत्तरपत्रिका तपासू?"

"त्याने झोप येते का राग?"

"राग."

"मग नको."

घरी आल्यावर कॉफी कमी करायचं बायकोला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. "सिगारेट सोडली ते ठीक. पण कॉफी?" तरी तिने फिल्टरमध्ये पूड कमी घातली आणि संध्याकाळी मला जिऱ्याचं गरम पाणी दिलं. ते पिताना जी तोंडं मी केली, ती पाहून ती म्हणाली, बायका गरोदरपणात याहून वाईट गोष्टी पितात आणि तोंड वाकडं करत नाहीत.

कंटाळवाणं काम म्हणून मी कडधान्यं निवडायला घेतली. घरात निवडायचं काही उरलं नाही तेव्हा निवडलेलीच पुन्हा निवडली. त्याने झोप येत होती का, सांगता येत नाही, पण अंथरुणात पडून स्वतःवर चिडण्यापेक्षा ते बरं होतं. पहिले तीन-चार दिवस कॉफीअभावी डोकं दुखलं. मग हळूच, लक्षातही येणार नाही असा फरक पडू लागला. पायांचा चाळा थांबला. एका सकाळी भजनं कानावर आली तेव्हा मी जागा नव्हतो, भजनांनी मला जागं केलं. फरक छोटा आहे, पण ज्याने भोगलंय त्याला तो कळेल. मध्येच एखादी रात्र पूर्वीसारखी वाईट जाई आणि वाटे, सगळं मूळपदावर आलं. दुसऱ्या दिवशी मी एवढंच करायचो, की ठरल्या वेळी उठायचो.

पोंगलला मुलगी आली. घरात माणसं वाढल्यावर समोरची खोली तिला द्यावी लागली आणि बायकोची चटई परत आमच्या खोलीत आली. चटई पसरताना बायको म्हणाली, "उठलात तर पाय न वाजवता उठा." मी उठलो नाही. म्हणजे एकदा कूस बदलल्याचं आठवतं, तेवढंच. सकाळी जाग आली तेव्हा ऊन खिडकीच्या गजांवर आलं होतं आणि बायको उशाशी बसून माझ्याकडे बघत होती.

"काय झालं?"

"काही नाही. तुमचा आवाज नव्हता म्हणून मी उठले. श्वास चालतोय का ते पाहिलं."

"किती वेळ बसली आहेस?"

"पहाटेपासून."

मग कळलं. त्या समोरच्या खोलीत एकटी असताना ती गाढ झोपायची. पण माझ्या शेजारी आली की तिचं अंग जुन्या सवयीने माझ्या उठण्याची वाट पाहू लागे. मी उठत नव्हतो, तर त्या न उठण्यानेच तिला जाग आली.

पुढच्या तपासणीला तिचा रक्तदाब थोडा उतरलेला निघाला. वयस्कर डॉक्टर म्हणाले, गोळी चालूच ठेवा, घाई नको. तिला पहाटे जाग येते त्याचं मी विचारलं. ते म्हणाले, "तीस वर्षांची सवय आहे, सार. तुमची पट्टीने सुटली. यांना लावायला माझ्याकडे पट्टी नाही. वेळ द्या."

आता पट्टीही सुटून बरेच दिवस झाले. वजन वाढलं आहे. मधल्या सुटीत सहशिक्षक टपरीवर जातो, मी वर्गात बसून शेंगदाणे खातो. झोप चांगली येते, म्हणजे आमच्या वयाला येते तशी. बायको अजून आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे उठून बसते. मला जाग आली तर मीही उठून बसतो.  ती म्हणते, "तुम्ही पडा." मी म्हणतो, "पडतो." आणि बहुतेक वेळा तीच आधी आडवी होते.